साठ कार्बन, एकच रेष: रेणूच्या सममितीवरून कार्बन-१३ एनएमआरचे सिग्नल कसे मोजतात?

१९८५ साली अमेरिकेतल्या राईस विद्यापीठात हॅरॉल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने ग्रॅफाइटवर लेझरचा मारा केला आणि उडालेल्या वाफेतल्या कणांचं वजन मोजलं. एक आकडा पुन्हा पुन्हा वर येत होता, ७२०. कार्बनच्या एका अणूचं वजन १२, म्हणजे हे साठ अणूंचं झुंबड होतं, C₆₀. त्यांनी थेट दावा केला की हे साठ अणू फुटबॉलवरच्या शिवणीसारखे गोल जोडलेले आहेत.

दावा सुंदर होता, पण पुरावा फक्त वजनाचा होता. आणि वजनावरून आकार कळत नाही. साठ अणूंची एक लांब साखळी, एक मोठं कडं किंवा जाळीचा सपाट तुकडा, सगळ्यांचं वजन ७२०च. पुढची पाच वर्षं हा प्रश्न लटकलेला राहिला, कारण तपासायला पुरेसा पदार्थच कुणाकडे नव्हता.

मग रसायनशास्त्रज्ञांना नक्की काय दिसायला हवं होतं? उत्तर त्यांना आधीपासून माहीत होतं: कार्बन-१३ एनएमआर या चाचणीत एकच रेष. दोन नाहीत, तीन नाहीत, एकच. हे उत्तर कागद-पेन्सिलने आधीच कसं सांगता येतं, ते आपण आज बघू. त्यासाठी दोनच गोष्टी समजून घ्याव्या लागतील. रेणुसूत्रावरून किती रिंग आणि दुहेरी बंध आहेत हे काढणं, आणि रेणूच्या सममितीवरून सिग्नल मोजणं.

आधी हिशोब हायड्रोजनचा

शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवा. कार्बनची संयुजा चार. साध्या सरळ साखळीत प्रत्येक कार्बनवर दोन हायड्रोजन बसतात आणि साखळीच्या दोन टोकांना एकेक जास्तीचा. म्हणून n कार्बनच्या संपृक्त साखळीत हायड्रोजन असतात 2n + 2. साखळीला फांद्या फुटल्या तरी हा आकडा बदलत नाही.

आता त्या साखळीची दोन टोकं एकमेकांना जोडून रिंग करायची असेल, तर दोन्ही टोकांचा एकेक हायड्रोजन काढावा लागेल. शेजारच्या दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध करायचा असेल, तरीही दोघांचा एकेक हायड्रोजन जातो. म्हणजे प्रत्येक रिंगमागे दोन हायड्रोजन कमी, प्रत्येक दुहेरी बंधामागे दोन कमी, तिहेरी बंधामागे चार कमी. जितके हायड्रोजन कमी भरतात त्याच्या निम्मा आकडा म्हणजे असंपृक्ततेची मात्रा, म्हणजेच डिग्री ऑफ अनसॅच्युरेशन.

C₈H₁₀ घ्या. आठ कार्बनच्या संपृक्त साखळीत १८ हायड्रोजन हवेत. आहेत १०. कमी पडले ८. त्याच्या निम्मे ४. म्हणजे या रेणूत रिंग आणि दुहेरी बंध मिळून चार आहेत. कुठे आहेत, हे मात्र सूत्र सांगत नाही.

दुसरे अणू असतील तर थोडी दुरुस्ती लागते. ऑक्सिजनची संयुजा दोन, तो दोन अणूंच्या मधे बसतो आणि हायड्रोजनची संख्या बदलत नाही, म्हणून त्याला मोजायचंच नाही. क्लोरीन, ब्रोमीनसारखे हॅलोजन हायड्रोजनच्या जागी बसतात, म्हणून ते हायड्रोजनमध्येच धरायचे. नायट्रोजनची संयुजा तीन, तो साखळीत शिरताना एक जास्तीचा हायड्रोजन सोबत आणतो, म्हणून एक मिळवायचा. सगळं एकत्र केलं की सूत्र असं होतं, यात X म्हणजे हॅलोजन:

```
(2C + 2 + N - H - X) / 2
```

चहा-कॉफीतल्या कॅफीनवर हे करून बघा. त्याचं रेणुसूत्र C₈H₁₀N₄O₂. आठ कार्बनचे १६, अधिक २, अधिक नायट्रोजनचे ४, झाले २२. त्यातून १० वजा, उरले १२, निम्मे ६. कॅफीनची रचना काढून बघितली तर दोन रिंग आणि चार दुहेरी बंध सापडतात. हिशोब जुळला.

या हिशोबाचा एक फुकटचा फायदाही आहे. उत्तर अपूर्णांकात आलं, समजा C₈H₁₁ वरून ३.५ आलं, तर पूर्ण रेणूचं सूत्र तसं असूच शकत नाही. कुठेतरी हायड्रोजन मोजायला चुकलंय. उत्तर ऋण आलं तरी तेच.

आणि एक मर्यादा. सूत्र हे गृहीत धरतं की प्रत्येक अणू आपल्या नेहमीच्या संयुजेला धरून वागतोय. गंधक असं वागतोच असं नाही. डायमिथाइल सल्फॉक्साइड, प्रयोगशाळेत ज्याला सगळे डीएमएसओ म्हणतात, त्याचं सूत्र C₂H₆OS. मात्रा येते शून्य. पण पुस्तकात गंधक आणि ऑक्सिजनच्या मधे दुहेरी रेघ काढलेली असते. रेघ खरी की सूत्र खरं, असं वाटेल. सूत्र इथे गंधकाची संयुजा दोन धरतं, एवढाच त्याचा अर्थ. गंधक किंवा फॉस्फरस दिसला की हा आकडा जरा सांभाळून वापरायचा.

कार्बन-१३ म्हणजे कोणता कार्बन?

निसर्गातला जवळपास ९९ टक्के कार्बन हा कार्बन-१२ असतो आणि त्याचं केंद्रक एनएमआरच्या चुंबकाला अजिबात दाद देत नाही. साधारण १.१ टक्के अणू कार्बन-१३ या समस्थानिकाचे असतात. त्यांचं केंद्रक छोट्या लोहचुंबकासारखं वागतं. मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओ लहरी सोडल्या की ते ठरावीक वारंवारतेला प्रतिसाद देतं.

ही वारंवारता त्या अणूच्या शेजाऱ्यांवर अवलंबून असते. जवळ ऑक्सिजन आहे का, दुहेरी बंध आहे का, यावरून रेष स्पेक्ट्रमवर इकडे किंवा तिकडे सरकते. हे सरकणं पीपीएम या मापात मोजतात. साध्या मिथाइल गटाचा कार्बन बहुतेक वेळा १० ते ३० पीपीएमच्या आसपास सापडतो, बेंझिन रिंगमधले कार्बन साधारण ११० ते १५० मध्ये.

शंभरात एकच अणू कार्बन-१३ असणं ही तशी अडचणच आहे, कारण सिग्नल क्षीण येतो आणि मशीन बराच वेळ चालवावं लागतं. पण त्यातच एक सोय दडलीय. एकाच रेणूत दोन कार्बन-१३ शेजारी-शेजारी येण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे ते एकमेकांच्या रेषा फोडत नाहीत. हायड्रोजनमुळे रेषा फुटतात, पण हायड्रोजनचा प्रभाव वेगळ्या लहरी सोडून पुसून टाकता येतो आणि नेहमीच्या चाचणीत तो पुसलेलाच असतो. मग उरतो एक सरळ नियम: परिसर वेगळा असलेल्या प्रत्येक प्रकारच्या कार्बनची एक रेष.

म्हणून रेषा मोजणं म्हणजे रेणूत किती *प्रकारचे* कार्बन आहेत हे मोजणं. एकूण कार्बन किती, हे नाही.

चार पदार्थ, एकच सूत्र

C₈H₁₀ कडे परत येऊ. मात्रा ४. बेंझिन रिंगची मात्रा बरोबर ४ असते: तीन दुहेरी बंध आणि एक रिंग. त्यामुळे चार किंवा जास्त आकडा आला आणि कार्बनच्या मानाने हायड्रोजन कमी दिसले की रसायनवाल्यांचा पहिला संशय बेंझिनवर जातो. हा संशयच आहे, पुरावा नाही. पुरावा स्पेक्ट्रममधल्या १२५ ते १४५ पीपीएमच्या रेषा देतात.

बेंझिन रिंग धरली तर सहा कार्बन तिच्यात गेले, उरले दोन. ते बसवण्याचे चारच मार्ग आहेत. दोन्ही एकामागे एक जोडून रिंगच्या एकाच कोपऱ्यावर लावले तर इथाइलबेंझिन. दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांवर लावले तर झायलीन, आणि त्याचे तीन प्रकार: शेजारच्या कोपऱ्यांवर ऑर्थो, एक कोपरा सोडून मेटा, समोरासमोर पॅरा.

हे चार समघटक वेगळे ओळखणं ही नुसती परीक्षेतली कसरत नाही. पॅराझायलीनपासून पॉलिएस्टरचा कच्चा माल बनतो आणि तो तेलशुद्धीकरणाच्या प्रवाहातून बाकीच्या तिघांसोबत एकत्रच येतो. इथाइलबेंझिन १३६ अंश सेल्सिअसला उकळतं, पॅरा १३८ ला, मेटा १३९ ला, ऑर्थो १४४ ला. उकळबिंदूवरून पॅरा आणि मेटा वेगळे सांगायचे म्हणजे एका अंशाचा खेळ. (पॅराझायलीनचा गोठणबिंदू मात्र वेगळाच आहे, सुमारे १३ अंश. निफाडच्या थंडीत रात्री बाहेर राहिलेली बाटली सकाळी गोठलेली मिळेल, शेजारची मेटाची बाटली उणे ४८ पर्यंत पातळच.)

आता सिग्नल मोजू. युक्ती अशी: एका कार्बनवर पेन्सिलने ठिपका द्या. दुसऱ्या कागदावर तोच रेणू काढून दुसऱ्या कार्बनवर ठिपका द्या. रेणू फिरवून किंवा आरशात धरून ही दोन चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसली तर ते दोन कार्बन एकाच प्रकारचे आणि त्यांची रेष एकच.

पॅराझायलीनपासून सुरुवात करा, कारण ते सगळ्यात जास्त सममित आहे. दोन्ही मिथाइल गट समोरासमोर, त्यामुळे रेणू अर्धा फिरवला की त्यांची अदलाबदल होते. एक रेष. मिथाइल ज्या दोन कोपऱ्यांवर बसलेत तेही एकमेकांच्या जागी जातात. दुसरी रेष. उरलेले चार कोपरे? प्रत्येकाच्या एका बाजूला मिथाइलवाला कोपरा आणि दुसऱ्या बाजूला मोकळा. चौघांचा परिसर अगदी सारखा. तिसरी रेष. आठ कार्बन, तीन सिग्नल. प्रत्यक्ष मोजमापात त्या साधारण २१, १२९ आणि १३५ पीपीएमला येतात.

ऑर्थोमध्ये आरसा दोन मिथाइलच्या बरोबर मधून जातो. तो कोणत्याच अणूवरून जात नाही, त्यामुळे सगळे कार्बन जोडीजोडीने येतात. आठ कार्बन, चार जोड्या, चार सिग्नल.

मेटामध्ये आरसा दोन कोपऱ्यांवरून जातो. दोन मिथाइलच्या मधला कोपरा आणि त्याच्या बरोबर समोरचा कोपरा. हे दोघे आरशावरच उभे असल्यामुळे त्यांना जोडीदार नाही, दोन स्वतंत्र रेषा. उरलेल्या सहा कार्बनच्या तीन जोड्या. एकूण पाच.

इथाइलबेंझिनमध्ये शेपटीचे दोन कार्बन वेगळे, शेपटी जिथे जोडलीय तो कोपरा वेगळा, समोरचा कोपरा वेगळा, आणि मधल्या चार कोपऱ्यांच्या दोन जोड्या. एकूण सहा.

तीन, चार, पाच, सहा. चार समघटक, चार वेगळे आकडे. रेषा कुठे आल्या हे न बघता, फक्त मोजून पदार्थ ओळखता येतो.

एक सूचना: बेंझिनमध्ये वर्तुळच काढा

मेटाझायलीनमध्ये नवख्या माणसाची चूक इथे होते. रिंगमध्ये एकाआड एक दुहेरी रेघा काढल्या की आरशाच्या एका बाजूला दुहेरी बंध आणि दुसऱ्या बाजूला एकेरी असं दिसतं. मग सममिती मोडली असं वाटून तो आठ सिग्नल लिहून मोकळा होतो.

ही शंका दीडशे वर्षं जुनी आहे. ऑगस्ट केकुले यांनी १८६५ मध्ये बेंझिनची रिंग मांडली, तेव्हा आक्षेप आला की दुहेरी बंध खरंच जागच्या जागी असतील तर ऑर्थो प्रकारचे दोन वेगळे पदार्थ मिळायला हवेत: एकात दोन गटांच्या मधे दुहेरी बंध, दुसऱ्यात एकेरी. मिळत तर एकच होता. १८७२ मध्ये केकुले यांनी बंध सतत जागा बदलत राहतात अशी कल्पना सुचवली. आज आपण म्हणतो की इलेक्ट्रॉन सहाही बंधांवर सारखेच पसरलेले आहेत. म्हणून सिग्नल मोजताना रिंगमध्ये एकाआड एक रेघांऐवजी गोल काढा, आरसा लगेच दिसतो.

यंत्राच्या कागदावर काय घोटाळा होतो

आतापर्यंत आपण कागदावर मोजलं. खऱ्या स्पेक्ट्रमवर मोजताना काही गोष्टी फसवतात.

पहिली गोष्ट द्रावकाची. नमुना बऱ्याचदा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवतात, पण त्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरिअम असतं. या क्लोरोफॉर्मलाही कार्बन आहे आणि ड्युटेरिअममुळे त्याची रेष तीन सारख्या उंचीच्या रेषांत फुटते, ७७ पीपीएमला. हा तिघांचा गुच्छ आपल्या पदार्थाचा नाही. एकदा ओळखीचा झाला की मग तो कधी चुकवत नाही.

दुसरी, उंचीवर विसंबायचं नाही. ज्या कार्बनवर एकही हायड्रोजन नाही त्याची रेष नेहमीच्या चाचणीत बुटकी येते. तो कार्बन एका झटक्यानंतर पूर्वपदावर यायला वेळ लावतो आणि हायड्रोजनकडून मिळणारा जोरही त्याला मिळत नाही. पॅराझायलीनमध्ये मिथाइलवाले दोन कोपरे असेच. घाईने काढलेल्या स्पेक्ट्रममध्ये अशी रेष खालच्या गवतात हरवूही शकते. मग मोजणी एकने कमी भरते.

तिसरी जास्त त्रासदायक. दोन वेगळ्या कार्बनच्या रेषा योगायोगाने जवळजवळ एकाच जागी येऊ शकतात. आपल्याच उदाहरणात बघा. इथाइलबेंझिनच्या रिंगमधल्या दोन जोड्यांच्या रेषा १२७.९ आणि १२८.३ पीपीएमला येतात. चांगल्या मशीनवर त्या स्पष्ट वेगळ्या दिसतात, पण स्पेक्ट्रम धूसर असेल किंवा छापील प्रत लहान असेल तर एक समजल्या जातात. सहाचे पाच झाले, आणि पाच म्हणजे मेटाझायलीन!

सुटका कशी करायची? रेषा कुठे आहेत ते बघून. मेटाझायलीनमध्ये रिंगबाहेरच्या कार्बनचा प्रकार एकच, त्यामुळे ५० पीपीएमच्या खाली एकच रेष, २१ च्या आसपास. इथाइलबेंझिनमध्ये तिथे दोन असतात, १६ आणि २९ ला. म्हणजे मोजणीतून नाव सुचतं, पण ते पक्कं करायला जागा बघावीच लागते. सममितीवरून काढलेला आकडा हा *जास्तीत जास्त* किती रेषा दिसतील याचा आकडा असतो. दिसलेल्या रेषा त्याहून कमी असू शकतात. पदार्थ शुद्ध असेल तर जास्त असू शकत नाहीत.

पुदिन्याचा सत्त्व आणि दहावी रेष

आणि तरीही कधी रेषा जास्त दिसतात. तेव्हा बहुतेक वेळा चूक आपल्या कागदावरच्या मोजणीत असते.

बामच्या डबीला ज्याचा वास येतो ते मेंथॉल घ्या. सूत्र C₁₀H₂₀O. दहा कार्बनला २२ हायड्रोजन हवेत, आहेत २०, मात्रा १. मेंथॉलमध्ये दुहेरी बंध नाही, सहा कार्बनची एक रिंग आहे. रिंगवर एक ऑक्सिजनवाला गट, एक मिथाइल आणि एक आयसोप्रोपाइल, म्हणजे एका कार्बनला लटकलेले दोन मिथाइल.

कागदावर ते दोन मिथाइल जुळे दिसतात. दोघे एकाच कार्बनला जोडलेले, तो गट हवा तसा फिरू शकतो. म्हणून कुणीही सांगेल, त्यांची रेष एक, एकूण नऊ सिग्नल. प्रत्यक्षात दहा येतात, आणि त्या दोन मिथाइलच्या रेषा १६ आणि २१ पीपीएमला, चांगल्या पाच पीपीएमच्या अंतरावर.

असं का? आपला उजवा हात समोर धरा. तर्जनी आणि अनामिका दोघीही मधल्या बोटाच्या शेजारी आहेत. पण अंगठा एकाच बाजूला आहे, म्हणून तर्जनीचा शेजार आणि अनामिकेचा शेजार सारखा नाही. हात कसाही फिरवा, हा फरक जात नाही. मेंथॉलचा रेणू हातासारखाच डावा-उजवा असतो, त्यात एकही आरसा नाही. त्यामुळे त्या गटाने कितीही गिरक्या घेतल्या तरी एका मिथाइलचा परिसर दुसऱ्यासारखा होत नाही. मघाची ठिपक्याची युक्ती त्रिमितीत करून बघा, दोन चित्रं एकमेकांवर बसणार नाहीत.

माझ्या मते सिग्नल मोजण्यातली सगळ्यात फसवी जागा हीच. रेणूत असा डावा-उजवा कार्बन असला की एका कार्बनवरचे दोन सारखे गट आपोआप सारखे धरायचे नाहीत.

दुसरा प्रकार फिरण्याच्या वेगाचा. डायमिथाइलफॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ, C₃H₇NO. मात्रा १, ती कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधात संपली. नायट्रोजनवर दोन मिथाइल आहेत आणि कार्बन-नायट्रोजनचा बंध कागदावर एकेरी आहे. तो मोकळा फिरत असेल तर दोन्ही मिथाइलची रेष एक हवी. पण साध्या तापमानाला दोन येतात, साधारण ३१ आणि ३६ पीपीएमला. कारण तो बंध अर्धवट दुहेरीसारखा वागतो आणि सहज फिरत नाही. एक मिथाइल ऑक्सिजनच्या बाजूला अडकलेला, दुसरा विरुद्ध बाजूला. नमुना शंभर अंशांच्या बराच वर तापवला की फिरणं वेगवान होतं आणि दोन रेषा एकात विरघळतात. म्हणजे सममिती ही नुसती चित्राची गोष्ट नाही, मशीन जेवढ्या वेळात फरक टिपतं तेवढ्या वेळात रेणू काय करतो, त्याचीही आहे.

आता फुटबॉल

C₆₀ वर हीच दोन हत्यारं चालवू.

आधी मात्रा. साठ कार्बनला १२२ हायड्रोजन हवेत, आहेत शून्य. मात्रा ६१. फुटबॉलच्या रचनेत हे बसतं का? प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना जोडलेला, चौथी संयुजा दुहेरी बंधात. साठ कार्बनमध्ये दुहेरी बंध होतात ३०. मग रिंग ३१ हव्यात. फुटबॉलवर मोजले तर १२ पंचकोन आणि २० षटकोन, एकूण ३२. एक जास्त कसा? कारण बंद गोळ्यात शेवटची रिंग वेगळी करावी लागत नाही. ३१ बाजू शिवून झाल्या की उरलेलं भोक आपोआप बत्तिसावी बाजू होतं. स्वतंत्र रिंग ३१ च. ३० अधिक ३१, ६१.

पण सावध राहा: साठ कार्बनचं साधं कडं, ज्यात सगळे बंध दुहेरी आहेत, त्याचीही मात्रा ६१ येते. ६० दुहेरी बंध आणि एक रिंग. सूत्र तेच असल्यावर मात्रा वेगळी येणारच कशी!

मग सममिती. फुटबॉलचा कोणताही कोपरा घ्या, तिथे एक पंचकोन आणि दोन षटकोन भेटतात. कोणत्याही कोपऱ्यावरचा ठिपका चेंडू फिरवून दुसऱ्या कोणत्याही कोपऱ्यावर नेता येतो. साठही कार्बन एकाच प्रकारचे. एक सिग्नल.

१९९० मध्ये वोल्फगांग क्रॅचमर आणि डोनाल्ड हफमन यांच्या गटाने ग्रॅफाइटच्या कांड्यांतून वीज सोडून काजळी बनवली आणि त्यातून C₆₀ मोजता येईल एवढा काढला. त्यांचा शोधनिबंध 'नेचर'ने तपासणीसाठी पाठवला तो नेमका क्रोटो यांच्याकडेच. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात क्रोटो यांचे सहकारीही त्याच काजळीमागे होते. पहिला क्रमांक गेला होता, पण एनएमआर अजून कुणी छापला नव्हता. ससेक्सच्या गटाने काजळीतून निघालेला लाल रंगाचा द्राव स्तंभातून वाहू देऊन वेगळा केला, जांभळट C₆₀ बाजूला काढला आणि त्याचा स्पेक्ट्रम घेतला. १४३ पीपीएमच्या जवळ एक रेष. दुसरी नाही. आयबीएमच्या शास्त्रज्ञांनाही त्याच वर्षी एकच रेष मिळाली.

इथे एखादा वकिली प्रश्न विचारता येतो. कड्यातही सगळे कार्बन सारखेच असतील, मग त्याचीही एकच रेष आली असती ना? आली असती, पण १४३ ला नाही. तशा बंधांतल्या कार्बनचा शेजार वेगळा, जागा वेगळी. १४३ ही बेंझिनच्या कुळातल्या कार्बनची जागा आहे. आणखी एक शंका अशी की कार्बन गोळ्यावर सतत जागा बदलत असतील, आणि डीएमएफ तापवल्यावर झालं तसं सगळ्यांची सरासरी होऊन एक रेष येत असेल. एका रेषेवरून ही शंका मिटत नाही.

ती मिटवली त्याच काजळीतून निघालेल्या दुसऱ्या रेणूने. C₇₀ म्हणजे फुटबॉल मधून कापून कंबरेवर दहा कार्बनचा पट्टा घातलेला, थोडा लांबट. आता दोन्ही टोकं आणि कंबर सारखी राहिली नाहीत. टोकाच्या दोन पंचकोनांचे मिळून १० कार्बन एका प्रकारचे. त्यांना लागून असलेले १० दुसऱ्या. पुढे २० तिसऱ्या, आणखी २० चौथ्या, आणि कंबरेचे १० पाचव्या. मिळून सत्तर. पाच सिग्नल यायला हवेत, आणि त्यातल्या दोन रेषा बाकीच्या तिघींच्या साधारण दुप्पट. इथे कुठल्याच कार्बनवर हायड्रोजन नसल्यामुळे उंचीची तुलना थोडीफार चालते.

ससेक्सच्या गटाला पाच रेषा मिळाल्या, १३० ते १५१ पीपीएमच्या दरम्यान. कार्बन जागा बदलत असते तर इथेही एकच रेष दिसली असती.